श्रीयुत तंतोतंत

तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक बॅचमध्ये एक तंतोतंत असतो. हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असो, जर्नल तपासायला घेतलं की तो लगेच ओळखू येतो. खाकी कव्हर, त्यावर छापील लेबल, प्रयोगाच्या नावाखाली लाल शाईची दुहेरी रेघ आणि शेवटच्या पानावर असा देखणा ग्राफ, की फ्रेम करून भिंतीवर लावावा. बाकीच्यांच्या ग्राफमधले बिंदू एस.टी. स्टँडवरच्या माणसांसारखे वाटेल तिथे उभे असतात. तंतोतंतचे सगळे बिंदू बरोब्बर रेषेवर. एकही रेषेबाहेर पाऊल टाकत नाही.

हा गुण त्याच्यात एकाएकी येत नाही. दहावीत लंबकाचा प्रयोग करताना त्याने गुरुत्वत्वरण ९.८१ काढलेलं असतं, कारण पुस्तकात ९.८१ आहे. पुण्यात ते ९.७८ च्या आसपास यायला हवं, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते आणि त्याच्या लंबकालाही माहीत नसते. बारावीत टायट्रेशनच्या वेळी इतर मुलं ब्युरेटच्या तोटीशी झटापट करत असताना हा शांतपणे सीबीआर किती यायला हवा याची चौकशी करून आलेला असतो. उत्तर आधी, गणित नंतर, हा त्याचा आयुष्याचा क्रम. इंजिनिअरिंगला येईपर्यंत त्याची खात्रीच पटलेली असते, की प्रयोग म्हणजे छापील उत्तरापर्यंत पोहोचायचा जरा आवाज करणारा रस्ता.

त्याला कामचुकार म्हणाल तर मात्र अन्याय होईल. रीडिंग घेणाऱ्यांपेक्षा रीडिंग बसवणाऱ्याला कष्ट जास्त पडतात. ते कसे, हे कळायला आमच्या लॅबमधला ब्लोअर बघितला पाहिजे.

जर्नलमध्ये प्रयोगाचं नाव ‘ट्रायल ऑन सेंट्रिफ्युगल ब्लोअर’. मोटरवरून पट्ट्याने फिरणारा पंखा, त्याची पाती मागे कललेली. पुढे २०० मिलिमीटर व्यासाचा सरळ पत्र्याचा डक्ट, त्यात हवेचा पीळ काढायला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, जाळीच्या पुढे पिटो ट्यूब आणि डक्टच्या टोकाला उघडझाप करायचा डँपर. भिंतीवर लाल पाणी भरलेले मॅनोमीटर. डँपर पूर्ण बंद ठेवून पंखा चालू करायचा, कारण तेव्हा मोटरवर भार सगळ्यात कमी असतो. मग टप्प्याटप्प्याने डँपर उघडत जायचा आणि प्रत्येक टप्प्यावर दाब, वेग, फेरे आणि वॉटमीटर लिहून घ्यायचं. हवा जास्त सोडली की दाब उतरतो. या दोहोंचा आलेख म्हणजे पंख्याचा वक्र. कंपनीने कॅटलॉगात असाच एक वक्र छापलेला असतो. शेवटी आपला वक्र त्याच्या शेजारी ठेवून बघायचा.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पंखा सुरू झाला की लॅबमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पिटो डक्टच्या मधोमध धरून भागत नाही, कारण हवा मध्यावर सगळ्यात जोरात पळते आणि पत्र्याच्या कडेला रेंगाळते. नुसतं मध्यावर मोजलं तर डक्टमधून जाते त्यापेक्षा बरीच जास्त हवा कागदावर जाते. म्हणून पिटो आडवा सरकवत दहा जागी धरायचा, मग तोच उभ्या दिशेने दहा जागी, आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी स्थिरावेपर्यंत थांबायचं. ती स्थिरावत नाही. चौदा आणि पंधराच्या मध्ये नाचत राहते. एक जण ओरडतो, “चौदा!” लिहिणारा विचारतो, “चाळीस?” पहिला पुन्हा ओरडतो, “चौदा, चौदा!” तोवर पाणी पंधरावर गेलेलं असतं.

या गोंधळात तंतोतंत पहिली दोन रीडिंगं होईपर्यंत उभा असतो. मग हळूच डँपरपाशी सरकतो, कारण डँपरच्या चकतीवर आकडे छापलेले आहेत आणि छापील आकड्यांजवळ त्याला बरं वाटतं. तिसऱ्या रीडिंगला तो लॅबमधल्या मामांना विचारतो, “मामा, मागच्या वर्षी किती आलं होतं?” मामा या ब्लोअरच्या वयाचे आहेत. ते म्हणतात, “मागच्या वर्षी मागच्या वर्षीची हवा होती.” तंतोतंतला हा विनोद वाटतो.

त्याचं खरं काम होस्टेलच्या खोलीवर सुरू होतं. काचेखाली बल्ब लावून एकाची ड्रॉइंग शीट दुसऱ्याने गिरवायची, या कलेला आमच्याकडे जी.टी. म्हणतात. पहिल्या वर्षी तिच्यात त्याने नाव काढलेलं असतं. इथेही तो कॅटलॉगातला वक्र खाली ठेवतो, वर ग्राफ पेपर ठेवतो आणि रेघ ओढतो. मग रेघेवर सहा बिंदू देतो. मग प्रत्येक बिंदूवरून उलटा निघतो. इतकी हवा, म्हणजे डक्टमध्ये इतका वेग, म्हणजे पिटोवर इतका दाब, म्हणजे मॅनोमीटरमध्ये इतके मिलिमीटर पाणी. सहा बिंदूंसाठी वीस-वीस जागांची रीडिंगं, सरासरी जुळेल अशी. रात्र जाते. त्याच वेळी खरी रीडिंगं घेतलेली मुलं दोन तासांत हिशेब संपवून चहाला गेलेली असतात.

आमच्या तंतोतंतचं जर्नल माझ्यापुढे आलं तेव्हा ग्राफ अर्थातच कॅटलॉगावर चपखल बसला होता. मी ऑब्झर्व्हेशन टेबलकडे वळलो. एका जागचं रीडिंग होतं १४.७६ मिलिमीटर.

“अरे, मॅनोमीटरच्या पट्टीवर सगळ्यात बारीक भाग किती मिलिमीटरचा आहे?”

“एक, सर.”

“मग हे पॉइंट सात सहा कुठे दिसलं तुला?”

“सर, मी जरा जवळून बघितलं.”

त्यावर मी हसून पान उलटलं असतं, पण वरच्या कोपऱ्यात एक ओळ दिसली: ‘वातावरणाचा दाब: ७६० मिमी पारा’. हा आकडा समुद्रकाठचा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि आमच्या लॅबमधला बॅरोमीटर ७११ च्या आगेमागे दाखवतो. वर कॉलेजचा शिक्का पुण्याचा आणि खाली हवा गिरगाव चौपाटीची, असं ते पान होतं.

“बॅरोमीटर बघितला होतास?”

“सर, ती स्टँडर्ड व्हॅल्यू आहे.”

त्याची भानगड नेमकी इथे झाली होती. ती कळायला त्याच बॅचमधल्या एका अबोल मुलीचं जर्नल उपयोगी पडलं. तिने रीडिंगं मनापासून घेतली होती आणि ती रडकुंडीला आली होती. डँपरच्या एका टप्प्यावर तिला डक्टमध्ये सरासरी १५ मीटर प्रतिसेकंद वेग मिळाला, म्हणजे ०.४७ घनमीटर प्रतिसेकंद हवा. दाब मिळाला १०० मिलिमीटर पाणी. तेवढ्या हवेला कॅटलॉग म्हणत होतं १२७. एकवीस टक्क्यांची तूट! तिने कन्क्लुजनमध्ये घर्षण, गळती आणि मानवी चूक अशी तीन कारणं लिहिली होती. ही तीन कारणं आमच्याकडे प्रत्येक जर्नलच्या शेवटच्या पानावर कायमची भाडेकरू आहेत. प्रयोग पंपाचा असो की फ्रिजचा, ती तिथेच राहतात.

मी तिला म्हटलं, कारणं राहू देत, आधी दोन्ही वक्र एकाच हवेत आण. कॅटलॉगाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हा वक्र घनमीटरला १.२ किलो वजनाच्या हवेचा आहे आणि पंख्याच्या मिनिटाला २८०० फेऱ्यांचा आहे. आपल्या लॅबमध्ये त्या दिवशी पारा ७११ मिलिमीटर आणि तापमान ३२ अंश. हिशेब केला की हवेचं वजन घनमीटरला १.०८ किलो निघतं. पंखा तेवढीच हवा ढकलतो, पण ती हलकी असल्यामुळे दाब त्याच प्रमाणात कमी येतो. पट्टा जुना असल्यामुळे फेरे भरले २७००. फेरे घटले की हवा त्याच प्रमाणात घटते आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात.

तिने तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला. हवेच्या वजनासाठी १.२ भागिले १.०८, म्हणजे १.११. फेऱ्यांसाठी २८०० भागिले २७०० चा वर्ग, म्हणजे १.०७५. दोन्ही मिळून १.१९५. तिचे १०० मिलिमीटर झाले शंभरावर साडेएकोणीस, म्हणजे ११९.५. हवा ०.४७१ ची झाली ०.४८८. तेवढ्या हवेला कॅटलॉग म्हणतं १२५. एकवीस टक्क्यांची तूट साडेचार टक्क्यांवर आली. सोळा-सतरा टक्के नुसती पुण्याची उंची, पुण्याचं ऊन आणि सैल पट्टा यांनी खाल्ले होते. घर्षण आणि मानवी चूक बिचारी विनाकारण बदनाम झाली होती.

आता तंतोतंतचा ग्राफ बघा. त्याने दुरुस्ती काहीच केली नव्हती आणि तरी तो कॅटलॉगावर बसला होता. पुण्याच्या हलक्या हवेत, ढिल्या पट्ट्यावर, दुरुस्तीशिवाय कॅटलॉगाइतका दाब यायचा, तर तो पंखा कॅटलॉगातल्या पंख्यापेक्षा वीस टक्क्यांनी सरस असला पाहिजे. कंपनीला कळलं तर त्यांनी तो परत मागितला असता. ग्राफ जुळला हाच पुरावा होता. मी जर्नलवर ‘रिपीट’ असा शेरा मारला. तो निमूटपणे म्हणाला, “थँक यू, सर.” असे लोक अपमानात गुंतत नाहीत. ते पद्धत सुधारतात.

रिपीट टर्न दिवाळीच्या सुट्टीनंतर लागला. त्याचं नवं जर्नल बघून मी थक्क झालो. बॅरोमीटर ७११, तापमान ३१, फेरे २७००. रीडिंगं अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच, १४, १४.५, १३.५ अशी. दुरुस्तीचं एक संपूर्ण पान, प्रत्येक पायरी दाखवून. आणि ग्राफ कॅटलॉगाच्या चार टक्के खाली, त्यातही दोन बिंदू रेषेपासून मुद्दाम वाकडे सरकवलेले. कन्क्लुजनमध्ये तर तिन्ही भाडेकरूंना घराबाहेर काढून त्याने हवेच्या घनतेवर परिच्छेद लिहिला होता. खोटं नीट लिहिता यावं म्हणून त्याला प्रयोगामागचं सगळं शास्त्र शिकावं लागलं होतं, आणि ते त्याने मनापासून शिकलं होतं. तोंडी परीक्षेत काही विचारलं असतं तर त्याने मला शिकवलं असतं.

मी सही करणार, तेवढ्यात बाकीच्या रिपीटवाल्यांची जर्नलं आली. सगळ्यांची रीडिंगं कोसळली होती. डँपर पूर्ण उघडा असताना हवा नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. दुरुस्त्या करूनही वक्र कॅटलॉगाच्या पायाशी लोळत होता. सात-आठ मुलं एकाच वेळी एकाच बाजूला चुकत नाहीत. म्हणजे चुकला होता पंखा.

आम्ही लॅबमध्ये गेलो. पंखा चालू केला. डक्टच्या तोंडाशी हात धरला तर हवा येत होती, योग्य दिशेने येत होती. टॅकोमीटरने फेरे मोजले, २७०० भरले. सगळं ठीक दिसत होतं. मामांनी स्विच बंद केला आणि पंखा थांबत येईपर्यंत पुलीकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी पंख्याच्या पत्र्यावरचा पुसट झालेला बाण बोटाने दाखवला. बाण एकीकडे होता आणि पुली भलतीकडे फिरत होती.

सुट्टीत पॅनलचं वायरिंग बदललं होतं. थ्री फेजमधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, बाकी काही बिघडत नाही. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन असता तर लगेच शंका आली असती. सेंट्रिफ्युगल पंख्याची गंमत अशी, की तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो. चाकातून बाहेर फेकली गेलेली हवा शंखाच्या आकाराच्या पत्र्यात शिरते आणि तिला बाहेर पडायला एकच वाट असते. फक्त पाती उलट्या बाजूने हवा कापतात, त्यामुळे मिळायला हवी तेवढी हवा आणि तेवढा दाब मिळत नाही. टॅकोमीटर नुसते फेरे मोजतो, ते कोणत्या दिशेचे याची त्याला फिकीर नाही. म्हणून नव्या वायरिंगनंतर पंखा चालू केला की आधी बंद करावा आणि थांबताना बघावा. वेगात असताना डोळ्याला दिशा कळत नाही.

मी तंतोतंतला बोलावून घेतलं. त्याचं जर्नल आणि पत्र्यावरचा बाण शेजारी शेजारी दाखवले.

“त्या दिवशी पंखा उलटा फिरत होता.”

तो बाणाकडे बघत राहिला. मग जर्नलकडे. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “म्हणूनच सांगतो सर, पंख्यावर विसंबून राहू नये.”

यावर रागवायचं कसं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलेलं नाही. मामा मात्र रागावले. त्यांनी वायरी बदलून घेतल्या, डँपर बंद केला, स्विच दाबला आणि त्याला म्हणाले, “चल, आता मी वाचतो, तू लिही. मी चौदा म्हटलं की चौदा.” तंतोतंतने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहिला. पिटो दहा जागी आडवा आणि दहा जागी उभा सरकवताना त्याचा चेहरा असा झाला होता, की कोणीतरी त्याची परवानगी न घेता निसर्ग चालू ठेवला आहे. कडेला पाणी १० च्या खाली, मध्यावर १७ च्या आसपास. “सर, यांचं काही ठरलेलंच नाही!” तो ओरडला.

“पुढचं लिही,” मामा म्हणाले.

दुरुस्त्या करून त्याचा खरा वक्र निघाला तो त्या अबोल मुलीच्या वक्राला लागून, कॅटलॉगाच्या साडेचार टक्के खाली. खोटा ग्राफही चार टक्के खालीच होता, पण आता त्याला चैन पडेना. स्वतः बसवलेल्या चार टक्क्यांचं कारण द्यावं लागत नाही. मोजलेल्यांचं द्यावं लागतं. त्याने आधी डक्टच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती शोधली. बुडबुडे जवळजवळ आलेच नाहीत. मॅनोमीटरचं शून्य बघितलं, ते जागेवर होतं. शेवटी मामांनी पंखा बंद करून हवा आत घेण्याच्या तोंडावरचा शंकू दाखवला. तो सफाईसाठी काढून परत बसवताना बोल्ट एका बाजूला आवळले गेले होते. शंकू आणि फिरतं चाक यांच्यामधली फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला कागद जाईल एवढी. चाकातून दाब घेऊन निघालेली थोडी हवा या फटीतून मागे वळते आणि पुन्हा चाकाच्या तोंडात शिरते. ती फिरवायची मेहनत पंखा करतो, पण ती डक्टमध्ये येतच नाही, म्हणून पिटोला दिसत नाही. कंपनीने चाचणी घेतली तेव्हा ही फट सगळीकडे सारखी आणि अरुंद असणार. शिवाय कंपनीच्या आकड्यांनाही थोडी सूट असतेच. कॅटलॉगातला वक्र त्या जातीच्या पंख्याचा असतो, आपल्या लॅबमधल्या या एका पंख्याचा नव्हे.

शंकू मध्यावर आणून त्याने दोन टप्पे पुन्हा मोजले. तूट दोन टक्क्यांच्या आसपास आली. आमच्या मॅनोमीटरवर पाणी जेवढं नाचतं, त्यात एवढं मावून जातं. त्यापुढे खणायला आमच्याकडे हत्यार नव्हतं, आणि ते मी त्याला कन्क्लुजनमध्ये तसंच लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो जर्नल घेऊन आला. रीडिंगं मामांच्या तोंडची, ओबडधोबड. बिंदू एस.टी. स्टँडवर. शंकूची आकृती, फटीचं माप, आधीचा आणि नंतरचा दाब. मी खरोखर खूश होऊन पेन काढलं. तो टेबलापाशी घुटमळत उभा होता.

“बोल, काय आहे?”

“सर, रीडिंगं अगदी आहेत तशीच ठेवतो. फक्त कॅटलॉगचा वक्र दोन टक्के खाली घेऊ का?”